मौनाचा अर्थ काय लावायचा? थ्री-फेज कमिटची कथा (१९७८–२००६)

१/
एका बँक-व्यवहाराची नोंद तीन वेगवेगळ्या संगणकांवर व्हायची आहे. अट एकच: नोंद तिन्ही ठिकाणी व्हावी, नाहीतर एकाही ठिकाणी होऊ नये. काम अर्धवट राहिले तर एका खात्यातून पैसे वजा होतील आणि दुसऱ्यात जमा होणार नाहीत. या अटीच्या पूर्ततेसाठी संगणकशास्त्रज्ञांनी अनेक वर्षे डोकेफोड केली. आजचा थ्रेड त्यातील एका उपायाविषयी आहे, थ्री-फेज कमिटविषयी. तो का जन्मला, कोणत्या गृहीतकावर उभा राहिला आणि ते गृहीतक ढळल्यावर त्याचे काय झाले, ते क्रमाने पाहू.

२/
सुरुवात त्याच्या पूर्वसुरीपासून करावी लागेल. १९७० च्या दशकात डेटाबेस एका यंत्रातून बाहेर पडून अनेक यंत्रांवर विखुरले जाऊ लागले. झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रातील बटलर लॅम्पसन आणि हॉवर्ड स्टर्गिस यांनी १९७६ च्या सुमारास, तर आयबीएमच्या सॅन होजे प्रयोगशाळेतील जिम ग्रे यांनी १९७८ मध्ये या प्रश्नाचे जे उत्तर मांडले, ते पुढे ‘टू-फेज कमिट’ या नावाने सर्वमान्य झाले. आजही अनेक डेटाबेस याच उत्तराचा आधार घेतात.

३/
पद्धत सोपी आहे. एक यंत्र समन्वयक होते, बाकीची सहभागी. आपल्या उदाहरणात सहभागी तीन आहेत: क, ख आणि ग. पहिल्या टप्प्यात समन्वयक तिघांना विचारतो, ‘तयार आहात का?’ प्रत्येक जण आपल्या भागाचे काम डिस्कवरील लॉगमध्ये पक्के नोंदवतो आणि मग ‘हो’ किंवा ‘नाही’ असे मत देतो. दुसऱ्या टप्प्यात समन्वयक मते मोजतो. तिन्ही मते ‘हो’ असतील तर ‘कायम करा’, एकही ‘नाही’ असेल तर ‘रद्द करा’ असा निर्णय तो प्रथम आपल्या लॉगमध्ये लिहितो आणि नंतर सर्वांना कळवतो.

४/
या पद्धतीचे मर्म ‘हो’ या मतात आहे. ‘हो’ म्हणणे म्हणजे शब्द देणे होय. त्या क्षणापासून सहभागी यंत्राला स्वतःहून माघार घेता येत नाही आणि स्वतःहून पुढेही जाता येत नाही. मध्येच वीज गेली आणि ते पुन्हा सुरू झाले, तरी लॉगमधील नोंद त्या शब्दाची आठवण करून देते. निर्णय येईपर्यंत त्या व्यवहाराने स्पर्श केलेल्या सर्व नोंदींवरील लॉक तसेच राहतात. सहसा ही प्रतीक्षा क्षणभराची असते. प्रश्न निर्माण होतो तो समन्वयक याच क्षणी गप्प झाला तर.

५/
आता अपघात घडवून पाहू. तिघांनीही ‘हो’ म्हटले आहे. समन्वयकाने ‘कायम करा’ असे लॉगमध्ये लिहिले आणि पहिला संदेश ग ला पाठवला. ग ने आपली नोंद कायम केली. लगेच समन्वयक बंद पडला आणि त्यापाठोपाठ ग सुद्धा. क आणि ख जिवंत आहेत, एकमेकांशी बोलू शकतात, पण दोघांपाशी एवढीच माहिती आहे: ‘मी हो म्हटले होते, तूही हो म्हटले होतेस.’ ग ने काय म्हटले हे त्यांना ठाऊक नाही. ग ‘नाही’ म्हणून रद्द करून बसला असेल, किंवा ‘हो’ म्हणून कायम करून बसला असेल. दोन्ही शक्यता त्यांना दिसणाऱ्या पुराव्याशी सारख्याच जुळतात.

६/
म्हणून क आणि ख यांनी रद्द केले तरी धोका, कायम केले तरी धोका. दोघांना थांबणेच भाग आहे. इंग्रजी ग्रंथ ज्याला ब्लॉकिंग म्हणतात तो हा खोळंबा. मात्र प्रत्येक अपघातात तो होतोच असे नाही. जिवंत यंत्रांपैकी एकाने जरी अद्याप मत दिले नसते किंवा ‘नाही’ म्हटले असते, तर व्यवहार कुठेही कायम झालेला असणे शक्य नव्हते; सर्वांना निर्धास्त रद्द करता आले असते. एकाला जरी अंतिम निर्णय कळला असता, तरी बाकीच्यांनी तो मानला असता. खोळंबा होतो तो सर्व जिवंत यंत्रे ‘हो’ म्हणून ताटकळत असतील तेव्हाच.

७/
हा केवळ कागदावरचा दोष नाही. ताटकळलेला व्यवहार आपले लॉक सोडत नाही, त्यामुळे त्याच खात्याला हात लावणारे पुढचे व्यवहार त्याच्यामागे रांगेत उभे राहतात. आजच्या पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये असे व्यवहार पाहायचे असतील तर ही आज्ञा पुरते:

```sql
SELECT gid, prepared, owner
FROM pg_prepared_xacts
ORDER BY prepared;
```

`prepared` या रकान्यात तासांपूर्वीची किंवा दिवसांपूर्वीची वेळ दिसली, तर कोणाचा तरी समन्वयक परत आलेला नाही असे समजावे. सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला तरी हे व्यवहार नाहीसे होत नाहीत, कारण दिलेला शब्द डिस्कवर आहे.

८/
अशा वेळी माणूस मध्ये पडतो. प्रशासक समन्वयकाच्या नोंदी तपासतो आणि `COMMIT PREPARED` किंवा `ROLLBACK PREPARED` ही आज्ञा स्वतः देतो. नोंदीच हाती नसतील तर त्याला अंदाज करावा लागतो. एक्स/ओपन संस्थेच्या एक्सए या मानकाने तर अशा अंदाजाला ‘ह्युरिस्टिक निर्णय’ असे नाव देऊन रीतसर जागा दिली. खोळंबा असह्य झाला की शुद्धता पणाला लावून रस्ता मोकळा केला जातो, याची ही कबुलीच होय. मग प्रश्न असा की, अंदाज न करता हा खोळंबा टाळता येईल का?

९/
हाच प्रश्न बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात डेल स्कीन या संशोधक विद्यार्थ्याने हाती घेतला. इन्ग्रेस डेटाबेसचे जनक मायकेल स्टोनब्रेकर तेथेच होते आणि दोघांनी या विषयावर एकत्र लेखनही केले. १९८१ मध्ये मिशिगनमधील ॲन आर्बर येथे भरलेल्या सिगमॉड परिषदेत स्कीन यांनी ‘न खोळंबणाऱ्या’ कमिट पद्धतींवरील आपला निबंध मांडला. त्याचे वैशिष्ट्य असे की, नवी युक्ती सुचवण्याआधी त्यांनी जुन्या पद्धतीत नेमके काय बिघडते ते शोधून काढले.

१०/
त्यांची विचारसरणी अशी. प्रत्येक यंत्र कोणत्याही क्षणी एका अवस्थेत असते: आरंभ, प्रतीक्षा, रद्द किंवा कायम. आता एक यंत्र ‘प्रतीक्षा’ या अवस्थेत असताना त्याच क्षणी दुसरी यंत्रे कोणकोणत्या अवस्थांत असू शकतात, याची यादी करा. टू-फेज कमिटमध्ये या यादीत ‘रद्द’ आणि ‘कायम’ हे दोन्ही एकदम येतात. सारी अडचण इथेच आहे. स्कीन यांनी दोन अटी सांगितल्या. एक: कोणत्याही अवस्थेच्या यादीत हे दोन्ही शेवट एकत्र नसावेत. दुसरी: सर्वांनी ‘हो’ म्हटले आहे हे ज्या अवस्थेतून कळत नाही, तिच्या यादीत ‘कायम’ मुळीच नसावे.

११/
दोन्ही अटी पुऱ्या करण्यासाठी त्यांनी ‘प्रतीक्षा’ आणि ‘कायम’ यांच्यामध्ये एक नवी अवस्था घातली. तिला आपण ‘पूर्वतयारी’ म्हणू. आता टप्पे तीन झाले. पहिल्यात पूर्वीसारखीच मते घेतली जातात. सर्व मते ‘हो’ असतील तर दुसऱ्या टप्प्यात समन्वयक ‘कायम करा’ असे न म्हणता ‘सर्वांनी हो म्हटले आहे, पूर्वतयारीत या’ एवढेच कळवतो. प्रत्येक जण पोच देतो. पोच आल्यावर, तिसऱ्या टप्प्यात, ‘कायम करा’ ही आज्ञा निघते. म्हणजे एकही जिवंत यंत्र अनभिज्ञ असेपर्यंत कोणीही व्यवहार कायम करत नाही.

१२/
तोच अपघात पुन्हा घडवू. समन्वयक आणि ग बंद पडले. क आणि ख उरले. ते आपल्यातून एकाला, समजा क ला, नवा समन्वयक निवडतात आणि अवस्था पडताळतात. दोघेही ‘प्रतीक्षा’ मध्ये असतील तर निष्कर्ष स्पष्ट आहे: आपण पोच दिलेली नाही, म्हणून ग ने कायम केलेले असणे शक्य नाही, रद्द करा. एक जण जरी ‘पूर्वतयारी’ मध्ये असेल तर तिघांनीही ‘हो’ म्हटले होते हे सिद्ध झाले. मग क आधी ख ला पूर्वतयारीत आणतो आणि त्यानंतर कायम करतो. कोणत्याही स्थितीत उत्तर सापडते, मेलेल्यांची वाट पाहावी लागत नाही.

१३/
इथे एक बारकावा आहे. समजा पूर्वतयारीचा संदेश एकट्या ग ला मिळाला आणि मग तो व समन्वयक दोघेही बंद पडले. मागे उरलेल्या क आणि ख यांनी, दोघेही प्रतीक्षेत असल्यामुळे, व्यवहार रद्द केला. तासाभराने ग जागा होतो आणि आपल्या लॉगमध्ये ‘पूर्वतयारी’ वाचतो. त्याने त्यावरून स्वतःच व्यवहार कायम केला तर अनर्थ होईल. म्हणून नियम असा की, परत आलेल्या यंत्राने आपल्या जुन्या नोंदीवर विसंबू नये. आधी जिवंत यंत्रांना निकाल विचारावा. सगळीच यंत्रे एकदम बंद पडली असतील, तर मात्र सर्वांत शेवटी बंद पडलेले यंत्र परत येईपर्यंत थांबावेच लागते.

१४/
या सुविधेची किंमत मोजता येते. तीन सहभागींसाठी टू-फेज कमिटमध्ये निर्णय सर्वांपर्यंत पोहोचेपर्यंत नऊ संदेश लागतात: तीन प्रश्न, तीन मते, तीन निर्णय. थ्री-फेजमध्ये पूर्वतयारीचे तीन संदेश आणि तीन पोच यांची भर पडून ते पंधरा होतात. डिस्कवरील नोंदीही वाढतात. क्वचित होणाऱ्या खोळंब्यासाठी ही वाढ प्रत्येक व्यवहाराला, अगदी सुरळीत पार पडणाऱ्या व्यवहारालाही, सोसावी लागते. पण थ्री-फेज कमिट व्यवहारात मागे पडले याचे हे एकच कारण नव्हते. अधिक गंभीर कारण मूळ निबंधाच्या गृहीतकांत दडले होते.

१५/
जुना दस्तऐवज वाचताना त्यातील अटी आधी वाचाव्यात, असे इतिहासाच्या वर्गात सांगतात. तेच इथेही करू. स्कीन यांनी गृहीत धरले होते की, यंत्रे बंद पडू शकतात, पण त्यांना जोडणारे नेटवर्क निर्दोष आहे. संदेश ठरलेल्या वेळेत पोहोचतो. त्यामुळे ठरावीक काळ उत्तर आले नाही तर समोरचे यंत्र बंद पडले असे निश्चित म्हणता येते. थोडक्यात, मौन म्हणजे मृत्यू. वरचा सगळा युक्तिवाद या एका वाक्यावर उभा आहे.

१६/
आता ते वाक्य खोटे करून पाहू. कोणीही बंद पडलेले नाही. तिघांनी ‘हो’ म्हटले आहे. समन्वयकाने पूर्वतयारीचा संदेश धाडला. तो ग ला मिळाला आणि तेवढ्यात मधली जोडणी तुटली. एका बाजूला समन्वयक आणि ग, दुसऱ्या बाजूला क आणि ख. समन्वयकाला क-ख कडून पोच येत नाही. नियमाप्रमाणे तो त्यांना मृत मानतो आणि ग सह व्यवहार कायम करतो. पलीकडे क-ख ना समन्वयक ऐकू येत नाही. तेही नियमाप्रमाणे त्याला मृत मानतात, दोघेही प्रतीक्षेत असल्याने व्यवहार रद्द करतात. जोडणी पूर्ववत होते तेव्हा ग कडे पैसे वजा झालेले असतात आणि क-ख कडे जमा झालेले नसतात.

१७/
प्रत्येकाने नियम काटेकोर पाळला, तरी अंती विसंगती निर्माण झाली. तार तुटण्याचीही गरज नाही. एखादे यंत्र अतिभारामुळे काही सेकंद थबकले आणि टाइमआउट उलटल्यावर पुन्हा बोलू लागले, तरी हेच घडू शकते. इथे दोन्ही पद्धतींचा खरा फरक दिसतो. जोडणी तुटल्यावर टू-फेज कमिट थांबते, पण खोटे बोलत नाही. थ्री-फेज कमिट थांबत नाही, म्हणून चुकू शकते. खोळंबा निदान दिसतो: रांग वाढते, ओरड होते. विसंगती मात्र हिशेब जुळवायला बसेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. बँकेने या दोहोंतून काय निवडावे हे उघड आहे.

१८/
स्कीन यांना ही मर्यादा ठाऊक नव्हती असे मुळीच नाही. १९८२ मध्येच त्यांनी कोरमवर, म्हणजे गणपूर्तीवर, आधारलेली सुधारित पद्धत मांडली. कल्पना अशी: व्यवहार कायम करायचा असो वा रद्द, पुरेशी मते हाती असल्याशिवाय कोणत्याही गटाने निर्णय घेऊ नये. आपल्या उदाहरणात समन्वयक धरून चार यंत्रे आहेत; निर्णयासाठी तीन लागतात असे ठरवू. मग दोन-दोन अशी फूट पडली की कोणत्याच बाजूला तीन जमत नाहीत. विसंगती टळली. पण दोन्ही बाजू आता थांबून आहेत. ज्या खोळंब्याला समोरच्या दाराने बाहेर काढले, तो मागच्या दाराने घरात आला.

१९/
हा योगायोग नव्हता. विभाजनात संदेश हरवू शकत असतील तर कोणतीही कमिट पद्धत पूर्णपणे खोळंब्यापासून मुक्त असू शकत नाही, हे स्कीन आणि स्टोनब्रेकर यांनी स्वतःच दाखवले. १९८३ मध्ये मायकेल फिशर, नॅन्सी लिंच आणि मायकेल पॅटरसन यांनी याहून व्यापक सिद्धान्त मांडला. तो १९८५ मध्ये नियतकालिकात प्रसिद्ध झाला. संदेशाला किती वेळ लागेल याची मर्यादाच नसेल, तर एकच यंत्र बंद पडण्याची शक्यताही पुरेशी असते. मग नेहमी अचूक राहणारी आणि नेहमी निर्णयापर्यंत पोहोचणारी निश्चित पद्धत अस्तित्वात असू शकत नाही. कारण संथ आणि मृत यांतला फरक बाहेरून ओळखता येत नाही.

२०/
मग व्यवहारात मार्ग निघाला तो वेगळ्या दिशेने. टप्पे वाढवण्याऐवजी समन्वयकाची स्मृतीच एकाहून अधिक यंत्रांवर ठेवायची. जिम ग्रे आणि लेस्ली लॅम्पोर्ट यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पॅक्सॉस कमिटमध्ये प्रत्येक सहभागीचे मत निर्णय-नोंदणाऱ्या यंत्रांच्या एका गटाकडे जाते. असा पाच यंत्रांचा गट असेल तर दोन बंद पडली तरी उरलेली तीन निर्णय पुरा करतात. बहुमत हाती नसेल तर हीही पद्धत थांबते, पण विसंगत निर्णय कधीच देत नाही. त्याच निबंधात दोघांनी दाखवले की, एकही बिघाड सोसायचा नसेल, तर ही पद्धत म्हणजे जुने टू-फेज कमिटच. १९७८ मध्ये ज्या ग्रे यांनी टू-फेज कमिट मांडले, त्यांनीच अठ्ठावीस वर्षांनी त्याची दुखरी जागा अशी बुजवली.

२१/
गूगलच्या स्पॅनर या डेटाबेसनेही २०१२ च्या निबंधात हीच वाट सांगितली आहे. तिथे वरवर टू-फेज कमिटच चालते, मात्र समन्वयक आणि प्रत्येक सहभागी हे एकेकटे यंत्र नसून पॅक्सॉसने बांधलेला यंत्रगट असतो. एक यंत्र गेले तरी गट बोलत राहतो, त्यामुळे समन्वयक ‘गप्प होण्याचे’ प्रसंगच विरळ होतात.

२२/
मग थ्री-फेज कमिटला इतिहासात स्थान कोणते? उत्पादनात ते फारसे रुजले नाही, पण खोळंबा नेमका कुठून येतो याचे निदान त्याने केले आणि ते निदान आजही खरे आहे: कोणी ‘कायम’ केले असेल त्या वेळी कोणीही अनभिज्ञ असता कामा नये. त्या निदानावरचे औषध मात्र एकाच हवामानात लागू पडणारे होते. एखादी नवी यंत्रणा ‘आम्ही कधीच खोळंबत नाही’ असे सांगू लागली, तर तिला एकच प्रश्न विचारावा: समोरचा गप्प झाला, तर तुम्ही त्याचा अर्थ काय लावता?

शंका असतील तर खाली जरूर विचारा. इति लेखनसीमा.